एक मिनिट बारा सेकंद, पण कोणत्या आवृत्तीत?

फक्त वेळ लिहिली की शॉट नेमका कळतो का, हा माझा प्रश्न होता.

वरूडच्या एका संत्रा व्यापाऱ्यांची फिल्म आम्ही अकोल्यात संपादित करत होतो. ग्रुपवर त्यांचा संदेश आला, ‘१:१२ चा शॉट काढा.’ तिसऱ्या आवृत्तीत तिथे त्यांचे नुकतेच वारलेले भाऊ हसत होते. फिल्म संध्याकाळी त्यांच्या आईला दाखवायची होती. अमरावतीच्या सहकाऱ्याने ‘काढतो’ असे लिहिले आणि तो फोन उचलेना. भावाचाच शॉट ते काढायला सांगतील, हे मला पटेना.

मी दुसरी आणि तिसरी अशा दोन्ही आवृत्त्या क्रमांक देऊन एकाच लिंकवर चढवल्या आणि व्यापाऱ्यांना व्हिडिओ थांबवून तिथेच लिहायला सांगितले. त्यांची टिप्पणी दुसऱ्या आवृत्तीत १:१२ वर, संत्र्यांच्या एका जुन्या खोक्याच्या शॉटवर उमटली.

“मी त दुसरीच पाहून राह्यलो ना भाऊ. तिसरी आली हे मले सांगतलं कोनं?”

तिसरीत सुरुवातीचे नऊ सेकंद कापल्याने ते खोके १:०३ वर सरकले होते. तेवढ्यात सहकाऱ्याचा फोन आला.

“भाऊंचा शॉट काढला, पाठवू का?”

“थांब, भाऊंचा शॉट परत ठेव आणि १:०३ चं खोकं काढ,” मी सांगितले.

सुरुवात कापलेल्या कोणत्याही फिल्मच्या दोन आवृत्त्या एकाच वेळेवर थांबवून आपण स्वतः पडताळून पाहा.