आनंदीबाईंचं ठरलेलं ताट

डहाणूच्या वाड्यांत लग्न ठरलं की आनंदीबाईंकडे आधी माणूस जायचा. नवरा गेल्यावर त्यांनी लग्नघरचा स्वयंपाक धरला आणि त्यांच्या हातच्या वालाच्या बिरड्याची लोकांना चटक लागली. पण हात दोनच. वाढवणचं लग्न आणि गंजाडचं लग्न एकाच मुहूर्तावर आलं की एका घराचा रोष पदरी यायचा.

गुडघे कुरकुरू लागले तेव्हा, सत्तावन्न साली, त्यांनी तीन ताटं ठरवून टाकली. साधं, मधलं, मोठं. कशात काय वाढायचं ते पक्कं; यजमानानं फक्त कुठलं ताट आणि जेवायला किती पानं, एवढं सांगायचं. शंभर पानांच्या बेतानं मसाला घरीच कुटून पुरचुंड्या बांधल्या. मिठाला पितळी वाटी, भाताच्या पाण्याला ठरलेली घागर. शेजारच्या जमनाला आणि बुधीबाईला शिकवलं. दोघींना अक्षर येत नव्हतं, म्हणून त्या निघण्यापूर्वी आनंदीबाई त्यांच्याकडून सगळं तोंडी म्हणवून घेत.

"आधी काय?"

"पाणी भरलंय का बघायचं."

"मग?"

"वाल सोललेत का."

एक जरी सुटलं तरी पुन्हा पहिल्यापासून.

पुढच्या वैशाखात एकाच दिवशी तीन मांडवांत त्यांचं बिरडं शिजलं. त्या स्वतः एकाच ठिकाणी होत्या, पण चव तिन्हीकडे तीच.

मग तलासरीत भाताचा गिचका झाला. यजमानाकडे नवा, कमी पाणी लागणारा तांदूळ होता आणि बुधीबाईनं पाणी मापानंच घातलं होतं. आनंदीबाईंनी त्या घरी जाऊन हात जोडले. त्यानंतर म्हणायच्या गोष्टींत एक वाढली: आधी मूठभर तांदूळ शिजवून बघायचा, मगच मोठं भांडं चढवायचं.

चार वर्षांत जमनाच्या हाताखाली सहा बायका आल्या. आनंदीबाई स्वतः येणार का, हे लोक आता विचारतच नव्हते. "मधलं ताट पाठवा," एवढंच सांगत.

एकदा राहवलं नाही म्हणून त्या चिंचणीच्या मांडवात गेल्या. बिरडं चाखलं. वाल थोडे निबर होते, मीठ कमी वाटत होतं. त्यांनी मूठभर मीठ उचललं.

जमनानं हात धरला. "काकी, माप मोडू नका. उद्या दुसऱ्या मांडवात लोक मलाच विचारतील, तिकडे वेगळं का?"

"अगं, हे मापच माझं आहे."

"म्हणूनच सांगते."

यजमान काशीनाथ पाटील जवळच उभे होते. "बाई, तुम्ही कशाला त्रास घेता? आज पंगतीला बसा. बायका करतात नीट."

त्या बसल्या. बुंदी आली, बिरडं आलं. शेजारची म्हातारी जेवता जेवता म्हणाली, "जमनेच्या हाताला काय चव आहे."

आनंदीबाईंनी घास गिळला. बिरडं थोडं अळणीच होतं, पण मीठ त्यांनी मागितलं नाही.