फोन काटा, सिस्टर

छातीत पहिली कळ आली तेव्हा चंद्रभाननं बॅटरीले शिवी घातली. मोबाईलच्या टॉवरखालच्या कॅबिनेटातल्या बॅटऱ्या म्हणजे निव्वळ धोंडे. जुनी काढून नवी बसवताना पाठीत चमक भरली असंल, असं त्याले वाटलं. तो कॅबिनेटच्या सावलीत टेकला. पण घाम काही थांबेना, आणि कळ छातीतून निघून डाव्या दाढेत जाऊन बसली.

ज्याच्या वावरात तो टॉवर उभा होता, तो बंडूजी बाजूलेच वांगे तोडत होता. त्यानं पाह्यलं, टोपलं खाली ठेवलं आणि आपली मोटरसायकल काढली.

"चमक हाये," चंद्रभान म्हणे.

"चमक अशी तोंड पांढरं करते? बस मागं. मले धरून बस. आणि मेला तर माह्या वावरात नोको मरू, कंपनी भाडं बंद करन."

गावातून जाताना बंडूजीनं चक्कीपाशी उभ्या असलेल्या बायांना ओरडून सांगितलं, चंद्रभानच्या घरी सांगजा, दवाखान्यात नेऊन राह्यलो. मग आष्टी तालुक्यातल्या त्या टेकडीवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, खड्डे चुकवत, दोघं पोचले. चंद्रभानचा फोन तिकडं कॅबिनेटवरच राहून गेला होता.

केंद्रातले डॉक्टर शिबिराले गेले होते. ड्यूटीवर सिस्टर एकटी, समीक्षा. तिनं बंडूजीची बडबड ऐकायची वाट पाह्यली नाही. खाटेवर निजवलं, गोळी चघळाले दिली, ॲम्ब्युलन्स बोलावली आणि छातीले तारा लावून ईसीजी काढला. कागदावरच्या रेघा पाहून तिनं तो उजेडात धरून पुन्हा पाह्यला. चंद्रभानले तिचं ते पुन्हा पाहणं आवडलं नाही.

"काय हाये, ताई?"

"मोठ्या डॉक्टरांना दाखवते, काका. तुम्ही बोलू नका."

गोष्ट सरळ होती. केंद्राच्या फ्रिजात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन होतं. हृदयाचा झटका असला तर ते जितक्या लवकर जाईल तितकं बरं. आणि झटका नसून दुसरंच काही असलं, तर त्याच इंजेक्शननं आतल्या आत रक्त वाहून माणूस दगावू शकतो. म्हणून वर्ध्याच्या हार्टच्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजी डोळ्यानं पाह्यल्याशिवाय हो म्हणायचं नाही, असा नियम. ॲम्ब्युलन्स तिकडून निघाली होती, पण घाटरस्ता होता आणि वर्धा लांब.

समीक्षानं कागदाचा फोटो काढला, व्हॉट्सॲपवर टाकला आणि लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. लागेना. लाईन बिझी. पुन्हा बिझी. चौथ्यांदा लागला तेव्हा तिनं स्पीकर चालू केला.

"फोटो आलेला नाही, सिस्टर."

"पाठवला, मॅडम. आत्ताच."

"परत पाठवा. आणि फोन ठेवू नका, मी लाईनवर आहे. पेशंट पडलेत का कुठून? डोक्याला मार?"

"नाही मॅडम. बॅटरी उचलत होते."

"अलीकडे कुठलं ऑपरेशन?"

"नाही."

"बरं. फोटो पाठवा."

फोटोखालचं चाक फिरत राह्यलं. समीक्षा तो पुन्हा टाके, दुसरं चाक फिरे. केंद्रातली नेटची तार आठवडाभरापासून रस्त्याच्या खोदकामात तुटलेली. जे काही होतं ते या फोनवरच होतं. बंडूजीच्या फोनचं रिचार्ज संपलेलं. ती फोन खिडकीपाशी नेई, दारात नेई, पण काटत नसे. मोठ्या मुश्किलीनं लागलेला फोन होता तो.

चंद्रभानच्या छातीवर कोणीतरी जातं ठेवलं होतं. पण डोळे चालू होते. पंचवीस वर्षं त्यानं हेच काम केलं होतं. आधी जमिनीखालच्या फोनच्या तारा खणायले रोजंदारीवर, मग टॉवरवर राखणदार, मग इंजिनियरच्या मागं मागं राहून मशीनचं काम शिकला आणि ठेकेदारानं त्याच्या हाती चाव्या दिल्या. कोणाचाही फोन हातात आला का त्याची नजर आधी वरच्या पट्टीवर जाये, माणसाचं तोंड नंतर पाहे. आताही गेली. पट्टीवर फोरजी नव्हतं. तिथं लहानसं इंग्रजी 'ई' होतं, जुन्या टूजीची खूण.

त्याले ते कळलं, आणि कळ आली त्याहून जास्त घाम सुटला.

"फोन काटा, सिस्टर."

"काय?"

"मॅडमचा फोन काटा. तुमच्या फोनवर बोलणं चालू हाये तोवर फोटो जातच नाई."

समीक्षानं मान हलवली. "मॅडम म्हणाल्या ठेवू नका. पुन्हा लागला नाही तर?"

"तू पडून राह्य ना बावा," बंडूजी म्हणाला. "इथंबी टॉवरगिरी? मॅडमच्या तोंडावर फोन आपटत असते का कोणी?"

चंद्रभानले एका दमात बोलता येत नव्हतं. त्यानं तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. नेट फोरजीवर चालते. पण या फोनातलं बोलणं फोरजीवर चालत नाई. घंटी वाजली का फोन फोरजी सोडून खाली जुन्या टूजीवर उतरते. तिथं बोलण्यासाठी वेगळी वाट भेटते, आवाज साफ येते, पण त्या वाटेवर असेपर्यंत नेट बंद. बोलणं संपलं का फोन पुन्हा वर चढते. मॅडमले जितका वेळ धरून ठेवान, तितका वेळ फोटो इथंच.

"असं काऊन असते? माह्या पोराचं तर बोलता बोलता सबन चालू राह्यते," बंडूजी म्हणाला.

"त्याच्या फोनात वोल्टे चालू हाये. त्याचं बोलणंच नेटावरून जाते, फोरजी सोडा लागत नाई."

"मंग सिस्टरच्या फोनात काऊन नाई?"

चंद्रभान छताकडं पाहत राह्यला. "म्याच बंद केलं."

दोन महिन्यांमागं टॉवरची फोरजीची लिंक बिघडली होती. नेटावरून जाणारं बोलणं कापल्या जाये, अर्धा शब्द येई, अर्धा जाई. केंद्रातून तक्रार आली. वरून लिंक दुरुस्त होईस्तोवर चंद्रभाननं सोपी वाट काढली. ज्याचा त्याचा फोन घेतला आणि सेटिंगमधलं वोल्टे बंद करून दिलं, म्हणजे बोलणं टूजीवर उतरून साफ होईल. सिस्टरचा फोनही त्यात होता. सगळ्यांनी चहा पाजला. मग लिंक दुरुस्त झाली, आणि उलटं फिरून ते चालू करणं राहून गेलं.

समीक्षानं त्याच्याकडं एकदा पाह्यलं. त्या पाहण्यात राग होता, पण रागाले वेळ नव्हता.

"मॅडम," ती फोनमध्ये म्हणाली, "बोलणं चालू असताना माझं नेट चालत नाहीये. ठेवते, फोटो पाठवते, लगेच लावते."

"ठेवा, पण लवकर. मी वाट पाहते."

तिनं फोन काटला. तिघंही पट्टीकडं पाहत राह्यले. 'ई' गेलं. काहीच नव्हतं. मग फोरजी उमटलं आणि फोटोखालचं चाक भरू लागलं. पाव झालं. अर्धं झालं.

आणि घंटी वाजली.

फोरजी गेलं, 'ई' आलं, चाक थांबलं. पडद्यावर गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईचं नाव होतं, पण बोलत कोण असणार हे चंद्रभानले माहीत होतं. चक्कीवरच्या बायांनी सांगितलं होतं, आणि त्याची बायको गोपिका आशाताईच्या घरी जाऊन तिथून सिस्टरचा नंबर लावत होती.

"बायको हाये तुही," बंडूजी हळू आवाजात म्हणाला. "घाबरली असंन."

"काटा," चंद्रभान म्हणाला.

समीक्षाचं बोट थबकलं.

"काटा ना, ताई. उचलला का पुन्हा खालीच राह्यतो आपण."

तिनं काटला. गोपिकेनं लगेच पुन्हा लावला. पुन्हा 'ई'. पुन्हा काटला. तिसऱ्यांदा ती लावणारच होती. चंद्रभानशी संसार केलेली बाई, काटलेला फोन म्हणजे वाईट बातमी असंच तिला वाटणार. दाढेतली कळ आता हाताच्या करंगळीपर्यंत उतरली होती.

"सेटिंगात जा," तो म्हणाला. "सिमकार्ड. खाली या. वोल्टे लिहिलं असंन. चालू करा."

"हे?"

"हेच."

बटण निळं झालं. पण बटण निळं झालं म्हणजे काम झालं असं नसते, हे चंद्रभानइतकं तिथं कोणाले ठाऊक नव्हतं. फोनले आता नेटावरच्या बोलण्याच्या यंत्रणेत आपलं नाव लावून घ्यायचं होतं. तिकडून हो आलं तर वर खूण उमटंन. नाही आलं तर सारं पहिल्यासारखंच. त्यानं डोळे मिटले नाहीत. पट्टीवर फोरजी होतं, त्याच्या बाजूले रिकामी जागा होती. समीक्षा एका हातानं त्याची नाडी धरून होती.

खूण उमटली. त्याच क्षणी गोपिकेची घंटी वाजली.

फोरजी हललं नाही. घंटी वाजत राह्यली आणि खाली चाक भरत राह्यलं.

"आता उचला," चंद्रभान म्हणाला.

"सिस्टर, फोन काऊन काटून राह्यल्या? काय झालं त्याईले, सांगा ना मले," गोपिकेचा आवाज आला. समीक्षा म्हणाली, "बोलून राह्यलेत, ताई. शुद्धीत आहेत. थोडं थांबा." तेवढ्यात फोटोखाली दोन टिक आल्या आणि लगोलग निळ्या झाल्या. समीक्षानं गोपिकेले नंतर लावते म्हटलं आणि डॉक्टरीणबाईंचा फोन आला तो उचलला. आधीसारखी वाट पाहावी लागली नाही, उचलल्याबरोबर आवाज.

"झटकाच आहे, सिस्टर. हृदयाच्या खालच्या भागाचा. उजव्या बाजूला लीड लावून अजून एक काढा. बीपी किती?"

समीक्षानं बीपी सांगितलं, तारा उजवीकडं लावल्या, कागद काढला, फोटो काढला. बाई बोलतच होत्या आणि फोटो बोलता बोलताच गेला. बंडूजी पट्टीकडं डोळे फाडून पाहत होता, जसं काही तिथून फोटो निघताना दिसणार होता.

"आला," बाई म्हणाल्या. मग त्या फोटो पाहू लागल्या. तेवढ्या वेळात चंद्रभानले पहिल्यांदा खरी भीती वाटली. आतापावेतो हाताले काम होतं.

"वजन विचारा. आणि इंजेक्शन द्या. मी लाईनवर आहे."

सुई शिरेत गेली. समीक्षा मिनिटामिनिटाले बीपी घेई आणि आकडा मोठ्यानं सांगे. वर्ध्याहून बाई "हं" म्हणत. बंडूजीनं चंद्रभानचे मातीचे बूट काढले, कारण त्याले दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. बऱ्याच वेळानं छातीवरचं जातं थोडं हललं. सरकलं नाही, पण हललं. पुढच्या कागदावर उभी राह्यलेली रेघ खाली बसू लागली होती. तिसरा फोटोही बोलता बोलता गेला.

"उतरतेय," बाई म्हणाल्या. "ॲम्ब्युलन्स आली की सरळ वर्ध्याला. मध्ये कुठं थांबू नका."

ॲम्ब्युलन्स आवारात शिरली तेव्हा समीक्षानं गोपिकेले फोन लावून चंद्रभानच्या कानाशी धरला. पलीकडून आधी रडणं आलं, मग शिव्या आल्या, मग विचारणं आलं.

"होय, म्याच काटाले लावला," चंद्रभान म्हणाला. "कामात होतो. वर्ध्याले येजो. आणि येताना खुंटीवरच्या शर्टाच्या डाव्या खिशातलं पाकीट घेजो, आधार कार्ड त्याच्यातच हाये."

स्ट्रेचर उचललं. ॲम्ब्युलन्सवरची दोन माणसं म्हणाली, काका, हात आत घ्या. त्यानं हात आत घेतले.