जमिनीच्या रकान्यातली रेघ

दत्तात्रेय लिमये रत्नागिरीत मांडवीजवळच्या एका इमारतीवर साइट इंजिनीअर होते. खाली मंगल कार्यालय, वर पाच मजले. कार्यालयात मधे खांब नको म्हणून वरच्या सगळ्या खांबांचा भार पहिल्या स्लॅबवर घ्यायचा होता. स्लॅब चार फूट जाड. चौरस मीटरमागे नुसतं काँक्रीटच तीन टन. ते घट्ट होईपर्यंत खालचे टेकू सांभाळणार.

टेकूंचं आणि साच्याचं डिझाइन पुण्याची इंजिनीअर ऋजुता करणार होती. त्यासाठी साइटवरून तिला माहितीपत्र पाठवायचं होतं: जाडी, वजन, काँक्रीट कुठून कसं ओतणार, टेकू कधी काढणार, टेकूंखाली काय आहे. पत्नी कुसुम जाऊन तेरा दिवस झाले होते. चौदाव्या दिवशी लिमये साइटवर आले आणि पत्र भरायला बसले. जमिनीच्या रकान्यापाशी त्यांना विहीर आठवली. गेल्या वर्षी त्यांच्याच देखरेखीखाली ती बुजवली होती. त्यांनी तिथे काही न लिहिता एक रेघ मारली, पत्र फॅक्स केलं आणि चहा मागवला. तो गार झाला.

आठवड्याने नकाशे आले. त्यांत टेकूंखाली सगळीकडे घट्ट जांभा धरलेला. सेंट्रिंगचा मिस्त्री खंडू आखणी करता करता थांबला.

"साहेब, हितं बाव होती ना?"

"होती."

"मग टेकू कशावर उभे करू?"

लिमयांनी पहार मागवली. फरशीचं पातळ काँक्रीट फोडल्यावर पहार भरावात हाताने ढकलली तरी आत गेली. खंडू त्यांच्याकडे बघत राहिला. आपल्याला भीती वाटायला हवी, एवढं लिमयांना कळत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं.

त्यांनी ऋजुताला फोन केला. "विहीर आहे. दहा फूट रुंद. मला माहीत होतं, मी लिहिलं नाही."

तिने विहिरीची जागा मोजून मागितली, कडेचा जांभा किती पक्का आहे ते विचारलं, आणि सुधारलेलं पत्र सहीनिशी पाठवायला सांगितलं. का लिहिलं नाही, हे विचारलं नाही.

नव्या नकाशात विहिरीवर पोलादी तुळया होत्या. त्यांची टोकं कडेपासून मागे, पक्क्या जांभ्यावर. तेवढे टेकू त्या तुळयांवर. मालकाला उशिराचं कारण लिमयांनी स्वतः सांगितलं. मालकाने पुढच्या कामावर दुसरा इंजिनीअर घ्यायचं ठरवलं. लिमये बरं म्हणाले.

ओतकाम पहाटे सुरू झालं, संध्याकाळी संपलं. दिवसभर लिमये बाहेरून तुळयांवरच्या खुणा दुर्बिणीतून वाचत होते. तुळया तीन मिलिमीटर वाकल्या; हिशोबात चार होते. अठ्ठावीस दिवसांनी काँक्रीटचे नमुन्याचे क्यूब ताकदीला उतरून आले, आणि ऋजुताने दिलेल्या क्रमाने खंडूने मधल्या भागापासून टेकू सैल करायला घेतले. स्लॅब जागेवर राहिला.

खंडूने पेढा पुढे केला. लिमयांनी तो खाल्ला. गोड लागला की नाही, ते त्यांना सांगता आलं नसतं.