उदाहरण क्रमांक दोनशे चौदा

खानदेशातून आलेल्या लोटू बोरसेंनी उधन्यातल्या कापडाच्या लूमवर तीस वर्षं काढली, पण त्यांचं नाव छापून आलं ते एकाच ठिकाणी. पुण्याच्या डॉ. श्रीरंग देवस्थळींनी लिहिलेल्या अहिराणीच्या व्याकरणात, प्रस्तावनेच्या शेवटी: ‘प्रमुख भाषक: लोटू भिका बोरसे, उधना, सुरत.’ ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी देवाच्या फळीवर ठेवलं होतं. पाहुणा आला की चहाच्या आधी पुस्तक निघायचं. अख्ख्या चाळीला ते पान पाठ झालं होतं, पण ‘पुरे आता’ म्हणायची कुणाची टाप नव्हती.

धनश्री त्यांच्या शेजारच्या खोलीत वाढली. आता ती भाषाविज्ञान शिकवत होती, आणि सत्त्याण्णव साली एका त्रैमासिकाने नेमकं तेच पुस्तक तिच्याकडे परीक्षणाला पाठवलं. भाषक आपल्या ओळखीचे आहेत, हे तिने संपादकांना आधी कळवलं. परीक्षणात तसं नमूद करा आणि लिहा, असं उत्तर आलं.

पुस्तक टाकाऊ मुळीच नव्हतं. मांडणी तर इतकी नेटकी की हवं ते मिनिटात सापडावं. प्रत्येक उदाहरणाखाली शब्दागणिक अर्थ, मागे सूची. ध्वनींचं प्रकरण वाचताना तिने दोनदा मनातल्या मनात शाबासकी दिली. गाडी अडली क्रियापदांपाशी. विवेचन बारकाईचं होतं, पण कशाच्या जोरावर? चारशे बारा वाक्यं, सगळी एकाच माणसाची, सगळी छापील मराठी प्रश्नावलीतून भाषांतर करून घेतलेली. एक गोष्ट नाही, एक भांडण नाही, सहज मारलेल्या गप्पा नाहीत. अहिराणीचा सदरा घातलेली मराठीच ती. असली वाक्यं चाळीत कुणी बोलत नव्हतं.

अपवाद एकच, दोनशे चौदावं वाक्य. ‘च्या थंडा व्हई ऱ्हायना, पी ल्या.’ चहा निवतोय, पिऊन घ्या: लहानपणी रोज कानावर पडलेलं. देवस्थळींनी त्याला तळटीप दिली होती: ‘नियमात न बसणारा, बहुधा सदोष प्रयोग.’

तिने मसुद्यात लिहिलं, ‘भाषकाने बोली मराठीकडे झुकवल्यामुळे सामग्री विश्वासार्ह नाही.’ वाक्य खरं होतं, पण लिहून झाल्यावर तिला ती प्लास्टिकची पिशवी आठवली आणि फार वाईट वाटलं. लूम बंद असायच्या दिवशी ती उधन्याला गेली.

“ये पोरी, बठ,” लोटूबाबा म्हणाले आणि हात फळीकडे गेला.

“बाबा, साहेबांशी तुम्ही घरच्यासारखं का नाही बोललात?”

बाबांना प्रश्नच मजेशीर वाटला. “साहेब पुन्याहून येल व्हता. त्यान्हामोरे घरनी बोली कशी बोलानी? मी समदं नीट करीसन सांगं.” मग अभिमानाने सगळं सांगितलं. इस्त्रीचा सदरा, साहेबांना शेजाऱ्यांची खुर्ची, साहेब आले ते सहाही दिवस स्वतः खाली चटईवर. आतून सखुबाई सारखी बडबडायची, म्हणून साहेब टेप बंद करायचे. बाबा तिला दटावायचे.

सखुबाई, बाबांची बायको, जाऊन चार वर्षं झाली होती.

धनश्रीला राहवलं नाही. तिने मसुदा वाचून दाखवला, विश्वासार्ह म्हणजे काय तेही सांगितलं. बाबांचा चेहरा उतरला. पाहुण्याला घरातली चांगली थाळी द्यावी, तशी त्यांनी भाषा दिली होती.

“चुकनं का मन्हं?”

“तुमचं नाही, बाबा. विचारणाऱ्याने खुर्चीवरून उतरून ऐकायला हवं होतं. मीच चुकीचं लिहिलं.” तिने ते वाक्य तिथल्या तिथे खोडलं. दोष विचारण्याच्या रीतीचा, असं लिहिलं. मग पुस्तक उघडून म्हणाली, “पण हे एक वाक्य खरं आहे,” आणि दोनशे चौदावं वाचलं.

“परत वाच,” बाबा म्हणाले.

तिने पुन्हा वाचलं.

“हाई ते मी बोलनूच नही. हाई सखू शे,” ते म्हणाले. “साहेबनी टेप बंद कराना पहिले बोलनी व्हई.” त्यांनी चष्मा लावला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मग खालची तळटीप स्वतः वाचली. सदोष. बोट तिथेच राहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी पानं मागे उलटत नेली, प्रस्तावनेपर्यंत, आणि आजवर प्रत्येक पाहुण्याला दाखवलेला तो परिच्छेद पहिल्यांदाच काही शोधत असल्यासारखा वाचला.

“तिन्हं नाव कोठे शे?”

“नाही, बाबा.”

“मंग तू लिख. मन्हं ऱ्हायनं नही तरी चाली.”

परीक्षणाच्या शेवटी धनश्रीने लिहिलं: या ग्रंथातलं सर्वांत भरवशाचं उदाहरण दोनशे चौदावं आहे. ते कुणी विचारलं नव्हतं. भाषक: कै. सखुबाई लोटू बोरसे, उधना, सुरत.