माझ्या नंबरावरचं गाव

कशेळ्याजवळच्या एका गावात मी प्राथमिक शिक्षिका आहे. तिथे फॉर्म भरायचा म्हणजे मोबाइलच्या रकान्यात बाईंचा नंबर, ही रीतच पडली होती. लोकांची सिमं हरवत, रिचार्ज संपत. बाईंचा नंबर मात्र जागेवर. मी वरवर कुरकुर करायची, पण खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं.

घरात रेंज नव्हती. कुणाचा ओटीपीचा कोड घ्यायला अंगणातल्या पेरूखाली जाऊन उभं राहावं लागे. म्हणून कर्जतच्या एका दुकानात जाऊन मी नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला. नंबर तोच राहणार होता, त्यामुळे कुणाला सांगायचं मनातही आलं नाही.

काही दिवसांनी जुनं सिम बंद पडलं, नवं सुरू झालं. फोन घरात खणखणीत लागू लागला. दुसऱ्या दिवशी बहिणीचा मेसेजही आला. कोड मात्र येईनात. पहिल्यांदा गॅसवाल्याने कुणाच्या तरी दारात सिलेंडर धरून कोडसाठी मला फोन केला. त्याला मी ऐटीत सांगितलं, येईल की, जरा थांबा.

मग माझी जुनी विद्यार्थिनी आली. तिला नर्सिंगच्या पदवीला जायचं होतं, त्याला विज्ञान लागतं, आणि अकरावी विज्ञानाला कर्जतला तिचा नंबर लागला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्रवेश पक्का करायचा होता. पण ती प्रवेशाच्या संकेतस्थळाचा पासवर्ड विसरली होती, आणि नवा पासवर्ड माझ्या मोबाइलवर येणाऱ्या कोडशिवाय मिळेना.

"आला का वं, बाई?"

"नाय गं."

आम्ही पेरूखाली गेलो. मी जुनं सिमसुद्धा घालून पाहिलं. मेलेलं सिम काय बोलणार. प्रवेशाच्या मदत केंद्राचा फोन सतत व्यस्त.

सकाळी दोघी कर्जतला गेलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "बाई, साधे मेसेज येतात ना? मग सिम चांगलं हाय. कोड पाठवणाऱ्यांच्या यादीत तुमचा नंबर अजून जुन्याच कंपनीत दिसतोय. ते तिकडं पाठवतात, इकडं येत नाय. तक्रार टाकतो, पण लागतील दोन-चार दिवस." आमच्याकडे संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता.

संध्याकाळ झाली, कोड आला नाही, विज्ञानाची जागा गेली. तिच्या आईने मला चहा करून दिला. चिडली असती तर बरं झालं असतं. पाचव्या दिवशी माझ्या फोनवर पहिला कोड आला, कुणाच्या तरी गॅसचा. पुढच्या फेरीत मुलीला वाणिज्य शाखा मिळाली.

दिवाळीनंतर ती शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन आली. मी सवयीने पेन उचललं आणि रकान्यात माझा नंबर लिहू लागले. तिने हलकेच कागद स्वतःकडे ओढला, माझे चार आकडे खोडले आणि आईच्या नावावर घेतलेल्या नव्या सिमचा नंबर लिहिला.

"ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "तुमाला कशाला तरास."