घटिकापात्राची पाटी

आमची ताई बोलायला लागली की थांबायचं नाव नाही, पण लिहायला बसली की शब्दांच्या बाबतीत इतकी चिक्कू की विचारू नका. शाळेत इंग्रजी शिकवून ती निवृत्त झाली तेव्हा आम्हाला वाटलं, आता आराम करील. कसचं काय! गावच्या वस्तुसंग्रहालयाचं नवं दालन उघडणार होतं. तिथल्या पाट्यांचं इंग्रजी करायचं काम तिनं अंगावर घेतलं. पाट्या छापायचं दुकान माझं, म्हणजे पहिला मार मलाच.

घरी टेबलाशी बसून ती भाषांतर करायचीच नाही. कागद घेऊन वस्तूसमोर उभी राहायची आणि पुटपुटायची. "माणूस इथे उभ्यानं वाचणार, बाळ्या, तेही पाय दुखत असताना. वाचता वाचता त्याची मान वस्तूकडे वळली नाही, तर पाटी फुकट." अक्षरं बारीक करून मजकूर कोंबू या, असं मी एकदा सुचवलं, तर तिनं असं पाहिलं की मी मोजपट्टी मुकाट्यानं खिशात घातली. 'हात लावल्यास कारवाई होईल' याचं इंग्रजी तिनं असं केलं: हाताच्या घामानं तांबं खराब होतं, म्हणून जवळून बघा, पण हात नको. धमकी गेली आणि कारण आलं.

क्युरेटरसाहेबांचा मात्र जीव कळवळायचा. मराठी पाट्या त्यांनी वर्षानुवर्षं खपून लिहिलेल्या. घटिकापात्रावरून तर जुंपलीच. घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि बुडते. बुडाली की एक घटिका झाली. साहेबांची पाटी हातभर लांब, ताईचं इंग्रजी चार ओळींचं.

"हा माझ्या अभ्यासाचा अपमान आहे," साहेब म्हणाले. "असंच चालणार असेल तर सगळं काम भाषांतराच्या एजन्सीला देतो. ते शब्दाला शब्द करून देतात."

ताईचा चेहरा उतरला. सबंध दालन हातचं जाणार होतं. पण ती हटली नाही. "उद्घाटनाआधी पाहुणे येतातच आहेत. सकाळी एजन्सीची पाटी लावा, दुपारी माझी. लोक काय करतात ते बघा, मग ठरवा."

सकाळी लोक पाटीसमोर थांबले, दोन ओळी वाचून पुढे सरकले. दुपारी एक परदेशी जोडपं ताईची पाटी वाचून चक्क वाकलं आणि तळाचं भोक शोधू लागलं. मी टाळ्याच वाजवणार होतो, तेवढ्यात त्या बाईंनी विचारलं, "हे राजाचं होतं ना? कुठल्या राजाचं?"

साहेब ताडकन उठले. "मी असं लिहिलेलंच नाही! राजाचं असावं असं सांगतात, पुरावा नाही, असं लिहिलंय."

ताईनं साहेबांचा मूळ मजकूर आपल्या पाटीशी ताडून पाहिला. मग म्हणाली, "चूक माझी. शब्द वाचवायच्या नादात 'पुरावा नाही' हे खरं तेच मी कापलं."

"अगं, लोकांना आवडतंय, राहू दे की," मी कुजबुजलो.

"तू गप बस." तिनं स्वतःच्या हातानं पाटी काढली. जिंकत आलेली बाजू अशी सोडून देते म्हणून मला संताप आला, खोटं का बोला. दालनातल्या बाकावर बसून तिनं वाटीच्या घडणीचं वर्णन खोडलं आणि तिथे दोन नवी वाक्यं लिहिली: हे राजाचं होतं असं काही जण सांगतात. आम्हाला अजून माहीत नाही.

"संग्रहालयानं 'माहीत नाही' म्हणायचं?" साहेब उडालेच.

"तुम्हाला माहीत आहे?"

"नाही हो. आयुष्य गेलं शोधण्यात."

"मग तेच सांगू या. घरी आलेल्या पाहुण्याशी आपण खोटं बोलतो का?"

नवी पाटी लागली. एक म्हाताऱ्या परदेशी बाई आल्या, वाचलं, गुडघे धरून वाकल्या, भोक दिसल्यावर खुदकन हसल्या. मग साहेबांकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं, कुणाचं असेल?"

झालं! साहेब जे सुटले ते सुटलेच. जे पाटीत कुणी वाचत नव्हतं, ते सगळं त्या बाई बाकावर बसून कान देऊन ऐकत होत्या, वर प्रश्न विचारत होत्या. साहेबांचा चेहरा नुसता फुलला होता. ताई कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी होती. मला माझ्या बहिणीचा इतका अभिमान वाटला की ओरडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच साहेब दारात, हातात मराठी पाट्यांचा गठ्ठा. "सगळं इंग्रजी ताईंचंच राहील. आणि त्यांना सांगा, आता माझ्या मराठीलाही कात्री लावा. फक्त घटिकापात्राची शेवटची ओळ मराठीतही तीच ठेवा."

"कुठली?"

"आम्हाला अजून माहीत नाही."

ती ओळ मी दोन्ही भाषांत जरा मोठ्या अक्षरांत छापली. ताईनं पाटी हातात घेऊन न्याहाळली आणि पहिल्यांदाच कुठे बोट ठेवलं नाही.