हरेश्वर दोन-ठोके

माझगावच्या कोळीवाड्यात जाऊन नुसतं ‘हरेश्वर’ म्हणून विचारलंत तर चार जण पुढे येतील. ‘हरेश्वर दोन-ठोके’ म्हणा, शेंबडं पोरही थेट घरापाशी नेऊन सोडेल. हे नाव त्याला कसं चिकटलं ते मी सांगतो. त्याला विचारायला जाऊ नका, चहा देईल, पण विषय पापलेटाच्या भावावर नेईल.

हरेश्वर जहाजावर सुकाणी होता. चार तास जहाजाचं चाक धरायचं, चार तास नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, उभं राहून समुद्र न्याहाळायचा, हे त्याचं काम. अकरा वर्षं विलायती कंपनीच्या मालवाहू बोटींवर काढलेली. डोळे असे, की बंदरातून खांदेरीवर बसलेला पक्षी नर की मादी सांगेल. हे त्याचं स्वतःचं म्हणणं. एकच इच्छा होती, तांडेल व्हायचं, म्हणजे खलाशांच्या टोळीचा म्होरक्या. जहाजावरचा जुना तांडेल निवृत्त होणार होता, आणि नवा कोण हे ठरवायचं होतं कुशाबा सारंगाने. कुशाबा लालबागचा, खलाशांचा मुकादम म्हणा ना. त्याने नाव दिलं की साहेब सही करत. हरेश्वरची मनातल्या मनात तांडेलाची शिट्टी गळ्यात घालून झाली होती.

आणि मग आला लहू.

लहू घोडपदेवच्या चाळीतला, कोळीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. बाप गोदीत प्लेटा ठोकायचा, हाही तेच शिकला. संध्याकाळी परळच्या रात्रशाळेत इंग्रजी. छप्पन साली घरच्या सगळ्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हापासून तो कोणापुढे मान खाली घालून बोलत नसे आणि आवाजही चढवत नसे. हरेश्वरला पहिली गोष्ट चालली असती, दुसरीचा त्रास होई. भांडायला जावं तर समोरचा हसतोय!

अठ्ठावन्न साली त्या जहाजाला कॅनडातल्या उत्तरेकडच्या एका बंदरातून गहू आणायचं काम मिळालं. तिथे वर्षातून अडीच-तीन महिनेच पाणी मोकळं, तेव्हाही बर्फ तरंगत असतो. साधं जहाज तिथे पाठवायचं म्हणजे पत्र्याचा डबा दगडावर आपटायचा. म्हणून आधी ते माझगावच्या सुक्या गोदीत घेतलं. पुढच्या भागात पाण्याच्या रेघेला जाडजूड पोलादी प्लेटांचा पट्टा बसवला आणि आत, प्रत्येक दोन फासळ्यांच्या मध्ये, आणखी एक फासळी घातली. या कामावर लहू होता. काम संपलं तसा पठ्ठ्या त्याच जहाजावर खलाशी म्हणून भरती झाला.

“का रे, गोदी सोडून?” हरेश्वरने विचारलं.

“फासळ्या घातल्यात दादा, त्या धरतात का ते बघायचंय.”

हे उत्तर कुशाबाला इतकं आवडलं की त्याने दिवसभर सगळ्यांना सांगितलं. तिथेच हरेश्वरच्या पोटात पहिली कळ आली. घरी गेला तर दमयंती, त्याची बायको, टोपली उतरवता उतरवता म्हणते, “लहूभावजी बरोबर हायेत ना? मंग मला घोर नाय.” दुसरी कळ. अहो, नवऱ्याच्या अकरा वर्षांचं मोल काय, एक लहूभावजी?

जुलै संपता संपता जहाज लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावर पोचलं. पहिला हिमनग दिसला तेव्हा सगळे कठड्याला लागले. पांढरा, मध्ये निळ्या शिरा, एखाद्या गिरणीची इमारत चिमणीसकट समुद्रात आणून ठेवावी तसा.

“समुद्र गोठून एवढा डोंगर?” गणपतने विचारलं. हा रत्नागिरीचा खलाशी, जेवण आणि झोप यांपलीकडे त्याला कशात रस नसे. त्या दिवशी जागा होता.

“समुद्राचा नाय तो,” लहू म्हणाला. मालमसाहेबाला, म्हणजे जहाजाची वाट आखणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारून आला होता. “ग्रीनलंडात जमिनीवर बर्फ पडतो, वितळतच नाही. त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. हजारो वर्षं दाबून दाबून घट्ट. मग तो सगळा थर वजनानं हळूहळू उतारावर सरकतो, समुद्रात तोंड काढतो, आणि टोकाचा तुकडा मोडून पडतो. तोच हा. आधी किनाऱ्यानं उत्तरेला जातो, वळसा घालतो, मग प्रवाहाबरोबर खाली इथे येतो. दोन-तीन वर्षं लागतात. चाटून बघितलास तर गोडं पाणी.”

“हा हजामतही करतो का?” हरेश्वर लहूकडे बघून पुटपुटला. कोणी हसलं नाही.

पुढे तुटक्या बर्फाचा पट्टा होता, म्हणून कप्तानाने इंजिन थांबवलं. वायरलेसवर कुठे किती बर्फ आहे त्याच्या खबरा येत, त्या नकाशावर पेन्सिलने टिपायच्या आणि मगच वाट ठरवायची, असा त्याचा शिरस्ता. शंभर मैलांचा वळसा पडला तरी बेहत्तर. वारा दक्षिणेचा होता, आणि तो हिमनग उत्तरेला, दोन मैलांवर.

हरेश्वरला संधी दिसली. कोळ्याचं पोर! पाण्यावर तरंगणारी चीज वारा कुठे नेतो हे त्याला कोण शिकवणार? जाळ्याची बोयरी, सुटलेली होडी, सगळं वाऱ्याबरोबर जातं. “बघत राहा,” तो सगळ्यांदेखत म्हणाला, “वारा त्याला उत्तरेला ढकलील. दोन तासांत ठिपका. नाय झाला तर आठवडाभर लहूचा चहा मी काढीन.”

“दादा, तो वाऱ्यानं नाय जायचा.”

“तू गोदीतला. मी समुद्रातला.”

दोन तासांनी हिमनग जवळ आला होता. वाऱ्याच्या तोंडावर, निवांत. साहेबांनी घाईघाईने इंजिन सुरू करून जहाज बाजूला घेतलं.

“आठातला एकच भाग वर असतो दादा,” लहू हळूच म्हणाला. “बाकी सगळा पाण्यात. वारा वरच्याला धरतो, प्रवाह खालच्याला. आपल्यालाच वाऱ्यानं त्याच्याकडे ढकललं.”

“मग वाऱ्याबरोबर काय जातं?”

“त्याचे सुटलेले बारके तुकडे. ते वाऱ्याखालच्या बाजूला पसरतात. म्हणून हिमनग नेहमी वारा येतो त्या बाजूनं ओलांडायचा, असं मालमसाहेब सांगत होते.”

आठ दिवस हरेश्वरने लहूला चहा काढून दिला. लहू दर वेळी म्हणे, “दादा, राहू द्या की.” त्या ‘राहू द्या’मुळे चहा काढणाऱ्याच्या अंगाचा जो भडका होई, तो बर्फावर ठेवला असता तर ग्रीनलंड वितळलं असतं.

पैजेनंतर दोनच दिवसांनी पश्चिमेचा वारा होता आणि दुपारीच धुकं आलं. रडारवर एक मोठा हिमनग दिसत होता. पहाऱ्यावर मालमसाहेबांच्या हाताखालचे धाकटे साहेब होते. किनाऱ्याच्या खडकांना भिऊन त्यांनी हिमनगाच्या पूर्वेने, म्हणजे नेमकं वाऱ्याखालून जायचं ठरवलं. इंजिन अगदी हळू. चाकावर लहू, एव्हाना तेही शिकला होता. नाळेवर घंटेपाशी हरेश्वर. नियम साधा: उजवीकडे काही दिसलं तर एक ठोका, डावीकडे दोन, समोर तीन.

हरेश्वरला ते दिसलं. धुक्यात, जरा डावीकडे, लाट जिथे फुटायला नको तिथे फुटली. दगड नाही, इतक्या खोल पाण्यात दगड कुठला? पाण्याच्या रंगाचा, जेमतेम हातभर वर आलेला, खोलीएवढा बर्फ. रडारला लाटांच्या गर्दीत असले तुकडे सापडत नाहीत. डोळ्यांनाच सापडतात, आणि तेही हरेश्वरसारख्यांच्या.

दोरी हातात होती. आणि त्याच्या मनात काय आलं ठाऊक आहे? चाकावर लहू आहे. जहाज घासलं तर बोल कोणाला लागेल? तांडेल कोण होईल?

एक श्वास. दोन. तीन.

मग त्याला बायकोचे शब्द आठवले, ‘मला घोर नाय’, आणि त्याने दोन ठोके असे हाणले की घंटा फुटायची बाकी राहिली.

साहेब ओरडले, लहूने चाक उजवीकडे फिरवलं, नाळ वळली, पण पुरती नाही. डाव्या अंगाने लांबलचक, दात शिरशिरवणारा आवाज झाला. खाली पाहणी झाली. पुढच्या टाक्या कोरड्या ठणठणीत. फासळ्यांनी धरलं होतं. गणपत झोपेतून उठून म्हणाला, “जेवणाची घंटा झाली काय?”

कप्तानाने धाकट्या साहेबांना खोलीत नेऊन झाडलं आणि हरेश्वरचा हात हातात घेतला. कुशाबाने पाठ थोपटली. लहू म्हणाला, “हरेश्वरदा नसते तर आज आपण नव्हतो.” हरेश्वरला वाटलं, या माणसाने एखादी शिवी दिली असती तर किती बरं झालं असतं.

गहू विलायतेत उतरवून, बरेच महिने इकडेतिकडे फिरून जहाज मुंबईला परत आलं आणि सुक्या गोदीत चढलं. लहू हरेश्वरला घेऊन खाली उतरला. डाव्या अंगाला पोचा आलेला, तीन फासळ्या वाकलेल्या, पण एक रिबीट सुटलेलं नाही. लहूने पोच्याच्या सुरुवातीवर बोट ठेवलं.

“बघा दादा, इथे लागलं. तीन श्वास आधी वळलो असतो तर चाटूनसुद्धा गेलं नसतं.” बाकी काही नाही. त्याने हरेश्वरकडे पाहिलंही नाही, रिबिटांवरून हात फिरवत राहिला.

‘दोन-चार’ म्हणाला असता तरी चाललं असतं. नेमके तीन!

त्याच दुपारी कुशाबा नाव देणार होता. हरेश्वर लालबागला धावला. तिथे संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघालेला, रस्ता माणसांनी फुललेला, आणि कुशाबा झेंडा घेऊन पुढे. हरेश्वर घुसला कसाबसा त्याच्या बाजूला.

“सारंग, मला बोलायचंय!”

“बोल की, अर्ज खिशात आहे तुझा! मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र—”

“झालाच पाहिजे!” हजार गळे.

“त्या दिवशी, धुक्यात—”

“काय? मोठ्यानं बोल!”

हरेश्वरने छाती भरून घेतली. आणि नेमका त्याच वेळी पुढे पोलीस आडवे आले, मोर्चा थबकला, घोषणा थांबल्या. त्या शांततेत आख्ख्या लालबागला ऐकू गेलं:

“लहूवर जळून मी घंटा उशिरा वाजवली!”

समोरच्या चाळीतली शेवंती नावाची एक बाई गॅलरीत पापड वाळत घालत होती. तिने वरूनच विचारलं, “किती उशिरा?”

“तीन श्वास,” हरेश्वर म्हणाला. आता लपवून काय करायचं होतं?

कुशाबाने झेंडा शेजारच्याकडे दिला. मग खिशातला कागद काढून त्याने फाडला. “खोटं नाव माझ्या हातून जाणार नाही. आणि जहाजावर श्वास मोजणारा तांडेल मला नको.” लहूला बोलावणं गेलं, तर तो म्हणाला, मी आता गोदीतच राहणार, फासळ्या धरतात हे बघून झालं. शेवटी तांडेल कोण झालं? गणपत. त्याच्याविरुद्ध बोलायला कोणाकडे काही नव्हतं. तो प्रत्येक वेळी झोपलेलाच होता.

हरेश्वरला मात्र कोळीवाड्याने त्या दिवसापासून ‘दोन-ठोके’ करून टाकलं. तांडेलकी गेल्याचं त्याला फारसं वाटलं नाही. ती लहूलाही मिळाली नाही, एवढं समाधान होतं. पण लहूला तिचं काहीच वाटत नाही हे कळलं आणि बिचाऱ्याची झोप गेली.

परवा त्याच्या घरी बसलो होतो. लहू आला, आता केस पिकलेत. दमयंतीने बोंबलाचं ताट आधी त्याच्यापुढे ठेवलं. मी मुद्दाम खोडी काढली, “लहू, खरं सांग, तुला तेव्हाच कळलं होतं ना, याने घंटा उशिरा वाजवली?”

“धुकं होतं हो,” लहू म्हणाला आणि बोंबील मोडला.

“बघितलंत?” हरेश्वर माझ्याकडे वळून फणफणला. “तीस वर्षं झाली, अजून हेच सांगतो! एकदा तरी बोलला का मला? एकदा तरी?”

“दादा, चहा काढू का तुम्हाला?” लहूने विचारलं.

“बस खाली!” हरेश्वर उठला, आणि चरफडत स्वतःच चहा काढायला आत गेला.